अनुभवावर एकवीस दिवसांत डिग्री? फी भरायच्या आधी हे वाचा

“मॅडम, माझा मुलगा २६ वर्षांचा, डिग्री अर्धवट सोडली, पाच वर्षं गोदाम आणि डिस्पॅचचं काम बघतो. प्रमोशनला डिग्री हवी म्हणतात. एक परदेशी ऑनलाइन युनिव्हर्सिटी त्याच्या अनुभवावर २१ दिवसांत बीबीए देते, अपोस्टिलच्या सरकारी शिक्क्यासकट. इंटरनॅशनल अ‍ॅक्रेडिटेशन आहे, साइटवर सर्टिफिकेट लावलंय. रविवारपर्यंत भरले तर फीत ४० टक्के सूट. मुलगा टाळाटाळ करतोय. मीच भरून टाकू का? – एक वडील”

नाही. रविवारपर्यंत तर नाहीच.

आणि युनिव्हर्सिटीपेक्षा मला जास्त खटकलं ते तुमचं शेवटचं वाक्य. मुलगा २६ वर्षांचा आहे, कमावतो, डिग्रीवर नाव त्याचं येणार, ती अर्जात दाखवणार तोच, आणि बॅकग्राउंड चेकमध्ये खोटी निघाली तर आत्ताची नोकरी जाणार तीसुद्धा त्याचीच. तुम्ही फी भरून मोकळे व्हाल हो, पण त्याला प्रत्येक फॉर्मवर खाली सही करून “वरील माहिती खरी आहे” म्हणावं लागेल. तो टाळाटाळ करतोय की त्याला वास आलाय, हे विचारलंत का कधी? सगळ्या पत्रात त्याचं म्हणणं म्हणून एक वाक्य नाहीये.

आता त्या ऑफरकडे या. अनुभवाला क्रेडिट देणं ही खोटी कल्पना नाही, खऱ्या युनिव्हर्सिट्या देतात, फ्रान्समध्ये तर २००२ च्या कायद्यापासून अनुभवावर पूर्ण डिप्लोमासुद्धा मिळू शकतो. पण तिथे जाडजूड फाइल तयार करावी लागते, ज्युरीसमोर बसावं लागतं, ज्युरी अर्धंच मान्य करू शकते किंवा साफ नाही म्हणू शकते. म्हणजे नकाराची शक्यता असते, आणि हाच फरक धरून ठेवा. तुमच्या मुलाचा एकही कागद न बघता ज्यांनी निकाल, विषय आणि तारीख सांगितली ते मूल्यमापन करतच नाहीयेत. २००४ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या सरकारी वकिलांच्या ऑफिसने टेक्ससच्या अशाच एका ‘युनिव्हर्सिटी’कडे चक्क एका मांजराच्या नावाने बॅचलर्ससाठी अर्ज केला, तर त्यांनी अनुभव बघून एमबीए देऊन टाकलं, वर ३.५ ग्रेडची मार्कशीट. मांजराचं नाव कोल्बी नोलन, केस प्रसिद्ध आहे.

अ‍ॅक्रेडिटेशनचं सर्टिफिकेट त्यांनीच त्यांच्या साइटवर लावलंय ना, मग त्याने काहीच सिद्ध होत नाही. प्रश्न असा विचारायचा की अ‍ॅक्रेडिटेशन देणाऱ्याला कोणी मान्यता दिलीय. २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने कराचीच्या अ‍ॅक्झॅक्ट कंपनीबद्दल छापलं तेव्हा बाहेर आलं की शेकडो वेबसाइट्सच्या जाळ्यात युनिव्हर्सिट्याही त्यांच्याच आणि त्यांना मान्यता देणाऱ्या संस्थाही त्यांच्याच. पुढे २०१७ मध्ये कंपनीच्या एका अधिकाऱ्याने अमेरिकन कोर्टात गुन्हा कबूल केला. म्हणून त्यांच्या साइटवरच्या कुठल्याही लिंकवर क्लिक न करता उलट्या दिशेने जायचं. आधी ती युनिव्हर्सिटी कुठल्या देशात नोंदलेली आहे हे लेखी विचारा. कंपनी रजिस्ट्रेशनचा नंबर पाठवतील, तो चालणार नाही, कंपनी कोणीही काढू शकतो, डिग्री द्यायचा अधिकार वेगळा असतो. मग त्या देशाच्या अधिकृत यादीत स्वतः नाव शोधा. अमेरिका म्हणाले तर शिक्षण खात्याचा डेटाबेस किंवा chea.org, ब्रिटन म्हणाले तर gov.uk वरची डिग्री देऊ शकणाऱ्या संस्थांची यादी, युरोपातल्या देशांसाठी enic-naric.net वरून त्या त्या देशाची अधिकृत माहिती सापडते. नाव पूर्ण जुळलं पाहिजे, एखाद्या नामांकित युनिव्हर्सिटीच्या नावातला एकच शब्द फिरवलेला असतो. पत्ता एका देशात, फोन दुसऱ्या आणि फी तिसऱ्याच देशातल्या खात्यात असेल तर पुढे शोधायचीही गरज नाही. lookup.icann.org वर डोमेन टाकलं की ते कधी नोंदलं तेही दिसतं, ‘१९८० पासून’ म्हणणारी साइट मागच्या वर्षीची निघाली की काय ते समजा. बरं, पत्त्याच्या शेवटी .edu दिसलं म्हणून लगेच विश्वास नको, २००१ मध्ये नियम कडक व्हायच्या आधी घेतलेली काही जुनी नावं तशीच चालू राहिलीत.

आता तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा गैरसमज, अपोस्टिल. तुम्हाला वाटतंय सरकारी शिक्का बसला म्हणजे डिग्री खरी ठरली. तसं अजिबात नाही. १९६१ च्या हेग करारानुसार अपोस्टिल एवढंच सांगतं की कागदावरची सही त्याच माणसाची आहे, त्याने ती कुठल्या पदावरून केली, आणि शिक्का असेल तर तो खरा आहे. कागदात काय लिहिलंय त्याच्याशी त्याचा संबंध नसतो. म्हणून हे लोक काय करतात, तर नोटरीकडे जाऊन “ही प्रत मूळ कागदाबरहुकूम आहे” अशी सही घेतात आणि अपोस्टिल त्या नोटरीच्या सहीवर मिळवतात. म्हणजे नोटरी खरा, शिक्का खरा, डिग्री मात्र खोटी. अ‍ॅक्झॅक्टच्या गिऱ्हाइकांना तर अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची सही असलेले प्रमाणीकरणाचे कागद विकले जायचे, आणि ते घ्या म्हणून सरकारी अधिकारी असल्याचं सोंग घेऊन फोन करून धमकावायचे. एकदा पैसे दिले की तुमच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे हे त्यांना ठाऊक असतं, मग मागण्या संपत नाहीत. म्हणून ‘बुकिंगची छोटी रक्कम’सुद्धा देऊ नका, आणि मुलाच्या ओळखपत्राची स्कॅन कॉपी तर अजिबात नको.

या सगळ्याच्या आधी एक सोपं काम आहे आणि ते कोणीच करत नाही. मुलाने त्याच्या एचआरला मेल करायचा, की या नावाच्या युनिव्हर्सिटीची डिग्री प्रमोशनला चालेल का, आणि डिग्रीच लागते की प्रोफेशनल सर्टिफिकेशनही चालतं. उत्तर लेखी घ्यायचं. एचआरला हे नाव विचारायची लाज वाटत असेल तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

आणि सर्टिफिकेशन चालत असेल तर बीबीएचा विषयच बाजूला ठेवा, सप्लाय चेन किंवा प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये त्याच्या अनुभवाला धरून बरंच काही आहे. तिथेही फसवणारे आहेतच, फक्त ओळखायची खूण वेगळी. खरं सर्टिफिकेशन परीक्षा घेणारी संस्था देते, क्लासवाले देत नाहीत, क्लासचं मिळतं ते कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पीएमपी सर्टिफिकेशनचं उदाहरण घ्या, अनुभव किती लागतो, परीक्षा कुठे द्यायची हे सगळं ते देणाऱ्या पीएमआय या संस्थेच्या साइटवर आहे आणि पास झालेल्याचं नाव त्यांच्या रजिस्ट्रीत शोधता येतं. कोणी म्हणालं पास गॅरंटी, किंवा तुमच्या वतीने परीक्षा आम्ही देतो, तर फोन ठेवा. क्लासवाला ‘अधिकृत पार्टनर’ म्हणत असेल तर ते नाव परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या यादीत आहे का बघा, त्याच्या भिंतीवरच्या फ्रेमवर जाऊ नका.

राहिलेली डिग्री पूर्ण करायची असेल तर जुन्या कॉलेजला आधीचे क्रेडिट धरता का विचारा, नाहीतर मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठ आहेच. वेळ लागेल, दोन-तीन वर्षं जातील.

एचआरचा मेल मात्र मुलालाच लिहू दे, तुम्ही त्याच्या वतीने लिहू नका. त्याचं उत्तर आलं की मला परत लिहा, आणि त्या पत्रात या वेळी त्याला काय हवंय तेही येऊ दे.