कॅल्क्युलेटर चुकत नव्हता, कंस राहत होता

"मॅडम, मला मीन, मीडियन, एसडी तिन्ही येतात. घरी गणित बरोबर सुटतं. क्विझमध्ये मात्र कॅल्क्युलेटरवर दर खेपेला निराळंच उत्तर येतंय. मला परीक्षेची भीती बसलीय का?"

लातूरच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीचा हा प्रश्न. भीतीबद्दल बोलण्याआधी मी तिच्याकडून क्विझचा पेपर आणि कच्च्या कामाचं पान मागून घेतलं. आकडेमोडीच्या तक्रारीत मी नेहमी आधी तेच पान बघते, कारण चूक कुठं झाली हे तिथं दिसतं.

प्रश्न सहा शेतांतल्या सोयाबीनच्या उताऱ्याचा होता, एकरी क्विंटलमध्ये: 6, 9, 4, 8, 12, 9. तिनं मीन लिहिला होता 40.5.

"अगं, सगळ्यात जास्त उतारा 12 चा, मग सरासरी 40 कशी येईल?" मी विचारलं. ती पानाकडं बघतच राहिली. तिनं 6+9+4+8+12+9÷6 असं सलग दाबलं होतं. कॅल्क्युलेटर भागाकार आधी करतो, त्यामुळे फक्त शेवटचा 9 भागला गेला: 39 अधिक 1.5. बेरजेनंतर आधी = दाबून 48 कागदावर उतरवायचे आणि मगच 6 नं भागायचं. मीन 8. तो सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्याच्या मध्येच असला पाहिजे, एवढी एक नजर टाकली असती तरी चूक सापडली असती.

मीडियन तिनं 6 लिहिला होता. पेपरात दिलेल्या क्रमानं मधले दोन आकडे 4 आणि 8, त्यांची सरासरी. आकडे चढत्या क्रमानं लावायचे राहून गेले होते. 4, 6, 8, 9, 9, 12 असे लावले की मधले 8 आणि 9, म्हणून मीडियन 8.5. क्रम लावताना दुसरा 9 गळतो, ही फार नेहमीची चूक. म्हणून नव्या ओळीतले आकडे मोजून सहा भरतात का ते बघायचं.

एसडीपुढं तिनं नुसती रेघ ओढली होती. "मॅडम, तिथं Math ERROR आलं, मग मी घाबरले." तिची घाबरगुंडी सुरू झाली ती इथं. मी तिला मीन 8 धरून तेच पुन्हा करायला लावलं. फरक आले −2, 1, −4, 0, 4, 1. त्यांची बेरीज शून्य, म्हणजे इथवर सगळं बरोबर. पण वर्ग करताना तिनं क्विझसारखंच कंस न घालता −4² दाबलं. कॅल्क्युलेटर आधी 4 चा वर्ग करतो, मग उणे लावतो आणि −16 देतो. असं करत तिची वर्गांची बेरीज आली −2, आणि ऋण संख्येचं वर्गमूळ तो काढत नाही. (−4)² असं दाबायचं, नाहीतर सरळ उणे सोडून 4² करायचं. वर्ग 4, 1, 16, 0, 16, 1, बेरीज 38. भागिले 6 म्हणजे 6.33, वर्गमूळ 2.52.

पुढच्या भेटीत मी मुद्दाम 12 च्या जागी 11 घातले. आता मीन 7.8333… असा लांबतो. तिनं तो 7.8 धरला आणि मूळ आकड्यांच्या वर्गांच्या सरासरीतून, म्हणजे 66.5 मधून, त्याचा वर्ग वजा केला. एसडी आली 2.38, खरी आहे 2.27. मीनमधला बारीकसा फरक वर्ग करताना वाढतो. त्यावर सोपी वाट आहे: वर्गांची बेरीज 399, त्यातून 47²÷6 वजा करायचे, उरलेल्याला 6 नं भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. दोन दशांशांपर्यंतची काटछाट अगदी शेवटी.

तिच्याकडचा कॅल्क्युलेटर fx-82MS होता. त्यात SD मोड आहे, पण मागच्या गणिताचे आकडे तसेच साठून राहतात. पहिला आकडा भरून `M+` दाबल्यावर पडद्यावर n=1 न येता 7 आला, तर जुनं पुसलेलं नाही. `SHIFT` `CLR` `1` `=` करून पुन्हा सुरुवात करायची. मीडियन मात्र हा कॅल्क्युलेटर देत नाही, तो हातानंच काढावा लागतो.

"आणि मॅडम, xσn घ्यायचं की xσn-1?" तिनं जाताजाता विचारलं. प्रश्नात नमुना म्हटलं असेल, म्हणजे तालुक्यातल्या पुष्कळ शेतांतून ही सहाच निवडली असतील, तर xσn-1, म्हणजे 6 ऐवजी 5 नं भागलेली एसडी. पहिल्या आकड्यांवर ते 2.76 येतं. ही सहा शेतं म्हणजेच सगळी माहिती असेल तर xσn, म्हणजे 6 नं भागलेली. प्रश्नात काहीच सांगितलं नसेल तर सरांनी वर्गात उतरवून दिलेलं सूत्र वापरायचं आणि कितीनं भागलं ते उत्तराशेजारी लिहायचं, म्हणजे तपासणाऱ्याला कळतं.