तारीख डायरीत असते, पण चेकवर लिहिलेली रक्कम आज देणं आहे का?

प्रश्न: पार्टीने सात-आठ बिलांपोटी पुढच्या तारखांचे चेक देऊन ठेवलेत. कुठला चेक कधी भरायचा हे कसं लक्षात ठेवता? एक्सेल पुरतं का?

एक्सेल पुरतं. पण तारीख लक्षात ठेवणं हा यातला सोपा भाग आहे. तारखेला चेक बरोबर भरला आणि तरीही एक लाख साठ हजारांसाठी आठ महिने हेलपाटे घालावे लागले, असं आमच्या घरात झालंय. म्हणून हे उत्तर थोडं लांबणार.

सातपूरला आमचा पुठ्ठ्याच्या बॉक्सचा कारखाना आहे. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी, पिंपळगाव पट्ट्यातल्या पॅकहाऊसना माल जातो. त्यांचे पैसे माल बाहेर गेल्यावर फिरतात, त्यामुळे हंगामात उधारी आणि उधारीपोटी पुढच्या तारखांचे चेक, हा इथला रिवाज. चेक काका सांभाळायचे. कपाटात एक फाईल, टेबलावर डायरी, आणि डायरीत त्या-त्या तारखेच्या पानावर पार्टीचं नाव, चेक नंबर, रक्कम. सकाळी पान उघडायचं, चेक काढायचा, पोराला बँकेत पाठवायचं. वीस वर्षं हेच चाललं. मी तेव्हा फक्त जीएसटी आणि पगार बघत होते.

२०२३च्या हंगामात एका पॅकहाऊसची चार बिलं झाली. पहिलं १,८४,०००चं, दुसरं २,३६,०००, तिसरं १,५२,००० आणि चौथं २,०८,०००. एकूण ७,८०,०००. पार्टीने त्याचे सरळ तीन भाग केले आणि २,६०,०००चे तीन चेक दिले, १० मार्च, १० एप्रिल आणि १० मे या तारखांचे. चार बिलं आणि तीन चेक, म्हणजे एकही चेक एकाही बिलाशी जुळत नाही. पहिल्या चेकमध्ये पहिलं बिल पूर्ण आणि दुसऱ्यातले ७६,०००. दुसऱ्या चेकमध्ये दुसऱ्या बिलाचे उरलेले १,६०,००० आणि तिसऱ्यातले एक लाख. तिसऱ्या चेकमध्ये तिसऱ्याचे शेवटचे ५२,००० आणि चौथं बिल पूर्ण. ही फोड चेक हातात घेतला त्याच दिवशी लिहून ठेवायला हवी होती. डायरीत ती नव्हती, कारण डायरीला बिल माहीतच नसतं.

पहिले दोन चेक वटले. २ मेला पार्टीने एक लाख रुपये एनईएफटीने पाठवले. टॅलीत एंट्री करणाऱ्या मुलाने ती `On Account` टाकली, म्हणजे रक्कम पार्टीच्या नावावर जमा झाली, पण कुठल्याच बिलाला लागली नाही. १० मेला काकांनी पान उघडलं, २,६०,०००चा चेक काढला आणि भरला. त्या दिवशी पार्टीकडून आमचं येणं होतं फक्त १,६०,०००.

चेक परत आला. मेमोवर कारण, शिल्लक अपुरी. काका भडकले, चेक, मेमो आणि बिलांच्या झेरॉक्स घेऊन वकिलांकडे गेले. खातेउतारा नेला नाही. नोटीस गेली २,६०,०००ची. दहा दिवसांत पार्टीच्या वकिलांचं उत्तर आलं, सोबत त्या एक लाखाचा यूटीआर नंबर. आमच्या वकिलांनी उत्तर वाचलं, मला फोन करून खातेउतारा मागवला, आणि म्हणाले, "ताई, कलम १३८ इथे उभं राहणं अवघड आहे."

कलम १३८ म्हणजे चेक न वटल्याचा गुन्हा. अवघड का, ते समजून घ्या, कारण हे बऱ्याच व्यापाऱ्यांना माहीत नसतं. चेक दिला त्या दिवशी देणं किती होतं यावर कलम १३८ ठरत नाही. चेक वटवायला गेला त्या दिवशी तेवढं देणं बाकी होतं का, हे बघितलं जातं. ऑक्टोबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. चेक दिल्यानंतर आणि तो वटवण्याआधी काही रक्कम आली असेल, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ५६प्रमाणे ती चेकवर नोंदवायची आणि उरलेल्या रकमेपुरताच तो वापरायचा. तशी नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक टाकला आणि तो परत आला, तर १३८चा गुन्हा होत नाही. मी विचारलं, नवी नोटीस १,६०,०००ची पाठवू या का? तर नाही. खोट नोटिशीत नव्हती, भरलेल्या चेकमध्येच होती.

येणं बुडालं नव्हतं, त्यासाठी दिवाणी दावा करता आला असता. पण ज्या धाकावर हंगामाची उधारी चालते, तो १३८चा धाक गेला आणि हे पार्टीलाही कळलं. १,६०,००० चार हप्त्यांत आले, शेवटचा हप्ता जानेवारीत, त्यांना नव्या हंगामाचे बॉक्स हवे झाले तेव्हा.

काका आजही म्हणतात, "तारखेला चेक भरला, माझं काय चुकलं?" तारीख चुकली नव्हती. पण पुढच्या तारखेचा चेक हे त्या दिवशी मिळणारे पैसे नसतात. ज्या दिवशी तो हातात आला त्या दिवशीच्या हिशेबाचा तो फोटो असतो. नंतर हिशेब बदलला की फोटो जुना होतो. क्रेडिट नोट दिली, माल परत आला, मधे एनईएफटी आली, की फाईलमधला त्या पार्टीचा प्रत्येक चेक परत तपासायचा. माझं भांडण एवढंच आहे, आणि ते मी घरात जिंकलेलं नाही.

आता मी काय करते ते सांगते. एक्सेलमध्ये एका चेकला एक ओळ नाही, एका चेकच्या एका बिलाला एक ओळ. वरच्या उदाहरणात तीन चेकच्या सहा ओळी होतात. प्रत्येक ओळीत चेक नंबर, चेकची तारीख, बिल नंबर, त्या बिलातली रक्कम, आणि एक रकाना "आज बाकी". हा रकाना खातेउताऱ्यावरून भरायचा, आठवणीवरून नाही. तारखेच्या दोन दिवस आधी त्या चेकच्या ओळींची "आज बाकी" जोडायची. बेरीज चेकच्या रकमेइतकी आली तर चेक भरायचा. कमी आली तर चेक फाईलबाहेर काढायचा नाही. पार्टीला फोन करून उरलेल्या रकमेचा नवा चेक घ्यायचा आणि जुना परत देऊन पोच घ्यायची. कलम ५६ची नोंद कायद्यात आहे, पण आता क्लिअरिंग चेकच्या छायाचित्रावर चालतं, आणि अंकात-अक्षरात एक रक्कम, शेरा दुसऱ्या रकमेचा असा चेक काउंटरवर पुढे सरकवण्यापेक्षा चेक बदलून घेणं बरं.

मधे रक्कम आली की त्याच दिवशी विचारायचं, ही कशापोटी? पार्टीने सांगितलं असेल तर त्याच देण्याला ती लावावी लागते, आपल्या सोयीने दुसरीकडे वळवता येत नाही. उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या. फोनवरचं बोलणं आमच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी वेगवेगळं आठवलं. टॅलीत अशी रक्कम `On Account` ठेवू नका, `Agst Ref` करून बिलाला लावा.

टॅलीचं आणखी एक. चेकची रिसिप्ट एंट्री `Ctrl+T` दाबून पोस्ट-डेटेड करता येते, आणि तारीख येईपर्यंत ती खात्यात दिसत नाही. पण तारीख आली की एंट्री आपोआप खात्यात येते, चेक बँकेत गेलेला असो वा फाईलमध्येच असो. त्या दिवशी पार्टीचं खातं निरंक दिसतं आणि सगळे निर्धास्त होतात. म्हणून बँकेच्या स्टेटमेंटशी ताळा होईपर्यंत पैसे आले असं धरू नका.

"चार दिवस थांबा" असा फोन आला की थांबायला हरकत नाही, पण चेक त्याच्यावरच्या तारखेपासून तीनच महिने चालतो. पूर्वी सहा महिने चालायचा, १ एप्रिल २०१२पासून तीन झाले, आणि जुन्या लोकांच्या डोक्यात अजून सहाच आहेत. म्हणून चेकच्या तारखेशेजारी "शेवटची तारीख" असा रकाना ठेवा. चेक परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यापासून पार्टीला १५ दिवस मिळतात, आणि ते संपल्यावर तक्रारीला एक महिना. हे दिवस मोजणारा रकाना मात्र मेमो हातात पडल्यावरच सुरू करा.

आणि एक दिवस आधी चेक टाकून ठेवायची सवय सोडा. ४ ऑक्टोबर २०२५पासून चेक दिवसभर सलग क्लिअरिंगला जातात, सकाळी भरलेल्याचा निकाल बहुधा संध्याकाळपर्यंत लागतो. नऊ तारखेला टाकलेला दहाचा चेक परतच येईल.

मी वकील नाही. तुमच्याकडे एका बिलाला एकच चेक असेल आणि मधे कधीच रक्कम येत नसेल, तर काकांची डायरीही चालेल. सात-आठ बिलं आणि वेगळ्या रकमांचे चेक असतील तर नाही. आणि चेक आधीच परत आला असेल, तर नोटीस पाठवण्याआधी वकिलांना बिलांच्या आधी खातेउतारा दाखवा, त्या पार्टीचा चेक घेतल्याच्या तारखेपासून आजपर्यंतचा, पूर्ण.