पायलटचा प्रस्ताव लिहिण्याआधी चुका मोजा

"गोदामात ऑर्डर भरताना चुका होतात. स्कॅनर वापरून छोटा पायलट करावा असं साहेबांना सुचवायचंय. खर्च, वेळ आणि फायदा कसा मांडू?"

असाच प्रस्ताव मी दोनदा दिलाय. पहिला परत आला, कारण त्यात "चुका बऱ्याच कमी होतील" एवढंच होतं. साहेबांनी विचारलं, आज किती होतात? माझ्याकडे आकडा नव्हता.

मग मी दोन आठवडे नुसतं मोजलं. आमच्या विभागातून २,००० ऑर्डरी गेल्या, त्यातल्या ४० चुकल्या. परत आलेला माल तपासून जागेवर लावणं, बरोबर माल पुन्हा बांधणं, ग्राहकाशी बोलणं, सगळं धरून एका चुकीमागे ४५ मिनिटं जात होती. म्हणजे दोन आठवड्यांत ३० तास. प्रस्तावाची सुरुवात मी याच आकड्याने केली.

खर्चात स्कॅनरचं भाडं सगळेच लिहितात. माणसांचा वेळ मात्र हमखास राहून जातो. कप्प्यांवर बारकोड चिकटवायला ४० तास आणि आठ जणांना प्रत्येकी तीन तास शिकवायचे २४, असे ६४ तास मी वेगळे दाखवले. चुका निम्म्या झाल्या तर आठवड्याला साडेसात तास वाचतात, म्हणजे हे ६४ तास भरून निघायलाच साडेआठ आठवडे लागणार. पायलट सहा आठवड्यांचा होता, त्यामुळे तेवढ्यात खर्च वसूल होणार नाही हे मी स्पष्ट लिहिलं. आणखी एक गोष्ट: वाचलेले तास म्हणजे वाचलेले पैसे नव्हेत. ओव्हरटाइम कमी झाला किंवा नवी भरती पुढे ढकलली गेली, तरच पैसे वाचतात. आमच्याकडे ओव्हरटाइम होता, म्हणून मी फक्त तेवढाच फायदा पैशात मांडला.

सहापैकी पहिले दोन आठवडे हात बसण्यात जातात, काम उलट मंदावतं. ते निकालात धरू नका. उरलेल्या चार आठवड्यांत जुन्या पद्धतीने साधारण ८० चुका झाल्या असत्या. ८० च्या जागी ७२ झाल्या तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो, म्हणून मर्यादा आधीच लिहून ठेवली: ४० पर्यंत आल्या तर पुढच्या विभागात न्यायचं, ६० च्या वर राहिल्या तर स्कॅनर परत करायचे, मधे अडकल्या तर कारण शोधून आणखी दोनच आठवडे चालवायचं. शेजारचा तसाच एक विभाग जुन्या पद्धतीवर ठेवला. नाहीतर ऑर्डरी घटल्यामुळे कमी झालेल्या चुकांचं श्रेयही स्कॅनरला गेलं असतं.

हे सगळं एका पानात बसवा. शेवटी नेमकं काय हवंय ते लिहा: कोणता विभाग, कोणत्या तारखेपासून, किती स्कॅनर आणि चुकांची नोंद रोज कोण ठेवणार. आमच्याकडे साहेबांनी सगळ्यात आधी त्या नोंद ठेवणाऱ्याचंच नाव विचारलं होतं.