कुंथून लघवी सुटत नाही

"वय ७१. प्रोस्टेट वाढलंय, लघवीला जोर लावावा लागतो. हल्ली शौचालाही कुंथावं लागतं, आणि पोट साफ झालं नाही की त्या दिवशी लघवी जास्तच अडते. हे दोन आजार आहेत की एकच?"

आजार दोन, पण जागा एकच. प्रोस्टेटच्या अगदी मागे गुदाशय असतो. तिथे घट्ट शौचाचा खडा साचला की तो पुढे रेटतो आणि आधीच अरुंद झालेली लघवीची वाट आणखी दबते. जोर लावून ती उघडत नाही. उलट कुंथताना खालचे स्नायू आवळले जातात. मूळव्याध, हर्निया मात्र वाढतात.

कोथरूडचे एक काका अशाच तक्रारीने आले होते. प्रोस्टेटची गोळी चालू होती, तरी सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरही मूत्राशयात १८० मिली शिल्लक. मी त्यांना तीन दिवस लिहून ठेवायला सांगितलं : काय प्यायलात, किती वाजता, लघवी किती, शौच कसं. वही उघडली आणि गुंता तिथेच दिसला. रात्री उठावं लागू नये म्हणून काका दुपारी चारनंतर पाणीच पीत नव्हते. त्यात इसबगोल दोन चमचे, अर्ध्या पेल्यात! काकू म्हणाल्या, "अहो, चमचा उभा राहतो त्यात." इसबगोलला पाणी कमी पडलं तर तेच आत घट्ट होऊन बसतं. आणखी एक नोंद होती : सर्दीची गोळी, दुकानातून आणलेली. अशा बऱ्याच गोळ्यांतल्या औषधांनी लघवी अडते, काहींनी शौचही घट्ट होतं.

डॉक्टरांशी बोलून पाणी सकाळपासून संध्याकाळी सातपर्यंत विभागलं, झोपण्याआधीचे दोन-तीन तास तेवढे मोकळे ठेवले. (हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर पाणी आपल्या मनाने वाढवू नका.) इसबगोल एक चमचा, भरल्या पेल्यात, वर आणखी एक पेला पाणी. सर्दीची गोळी बंद. नाश्त्यानंतर कमोडवर, पायाखाली बुटकं स्टूल, दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं. लघवीही बसून, घाई न करता. झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा एकदा.

महिन्याभराने शिल्लक लघवी ७० मिलीवर आली. प्रोस्टेट तेवढीच आहे, गोळी चालूच आहे आणि रात्री एकदा उठावं लागतंच. ते उठणं जपून : प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभं राहताना चक्कर येऊ शकते, त्यात कुंथलं तर माणूस बाथरूममध्येच कोसळू शकतो. आधी पलंगाच्या कडेला बसा, मग उठा.

तुमच्या वयात बद्धकोष्ठ नव्याने सुरू झालं असेल, किंवा शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, तर प्रोस्टेटवर ढकलू नका, आतडं तपासून घ्या. आणि ओटीपोट फुगून दुखतंय, लघवीचा थेंबही येत नाही, असं झालं तर जुलाबाची गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री हॉस्पिटल, नळी घालून मूत्राशय मोकळं करावं लागतं.