पेड कॅरोसेलमध्ये ‘जाहिरात’ कुठे लिहायची, आणि तरी लोकांचा विश्वास कसा टिकवायचा?

प्रश्न: नाशिकमध्ये माझं खाण्यापिण्याचं पेज आहे. एक मिसळ मसालावाले कॅरोसेलचे पैसे देतायत. पेड लिहिलं तर लोक विश्वास ठेवतील का? कुठे लिहू?

उत्तर:

पहिल्याच स्लाइडवर, फोटोवरच, मराठीत लिहा: ‘जाहिरात: या पोस्टचे पैसे मिळाले आहेत’. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये हेच सांगितलंय. पोस्ट ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत, आणि फोटो असेल तर फोटोवर नजरेत भरेल असा. हॅशटॅगांच्या गर्दीत #collab टाकून भागत नाही. इन्स्टाग्रामचं ‘Paid partnership’ लेबल चालू ठेवाच, पण तेवढ्यावर थांबू नका. वर उजव्या कोपऱ्यात 1/7 असा आकडा येतो, म्हणून ओळ डावीकडे घ्या. दुसऱ्या स्लाइडवरही ती हवी, कारण पहिली पाहून कुणी पुढे गेलं तर तीच पोस्ट कधी कधी दुसऱ्या स्लाइडपासून पुन्हा समोर येते. खाली कुणी ‘पेड आहे का?’ विचारलं, तर तुमची ओळ दिसलेली नाही असं समजा.

विश्वासाचं म्हणाल, तर तो ब्रँडने स्वतः कधीच लिहिली नसती अशा स्लाइडमुळे बसतो. मी अशाच एका मसाल्याची पेड पोस्ट केली होती. पैशांचं बोलण्याआधीच मेलवर ठरवून घेतलं की वजन, किंमत, घटक त्यांनी तपासावेत, मत माझं राहील आणि एक स्लाइड उणिवेची असेल. दुसऱ्या स्लाइडवर लिहिलं, ‘मसाला फुकट आला, पोस्टचे पैसे मिळाले, मजकूर माझा.’ मग पाव किलो मटकीची मिसळ दोनदा केली, एकदा नेहमीचं मीठ घालून, एकदा मीठ न घालता. रंग आणि तर्री दोन्ही वेळा झकास. पण मसाल्यातच मीठ असल्याने पहिला रस्सा खारट झाला. पाचव्या स्लाइडवर दोन्ही वाट्यांचा फोटो आणि ‘मीठ शेवटी, चाखून घाला’. सहावीवर, ‘घरचा काळा मसाला बरणीत असेल तर हा घेऊ नका.’

ही सहावी काढा, असं त्यांचं म्हणणं होतं. मी मेल दाखवला, आणि ती राहिली. कॉमेंटमध्ये लोकांनी पैशांबद्दल काहीच विचारलं नाही. मीठ किती आणि पाकीट कितीला, एवढंच विचारलं. माझ्या मते अशी स्लाइड ब्रँडच्याही फायद्याची असते, कारण ज्यांना नको ते घेत नाहीत आणि मग नावंही ठेवत नाहीत.

एक मात्र लक्षात ठेवा. ‘जाहिरात’ लिहिल्याने खोटा दावा खरा होत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी तिची शिफारस करणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘केमिकलमुक्त’, ‘पचनाला उत्तम’ असलं काही त्यांनी लिहून पाठवलं तर आधी पुरावा मागा. मिळाला नाही तर ती ओळ गाळा.