होस्टेल मध्येच सोडलं, आता मालक पैसे द्यायला तयार नाही

प्रश्न: आम्ही घाटंजी तालुक्यातले शेतकरी. मुलगी साडेसतरा वर्षांची, नीट रिपीट करायला नागपूरला ठेवली. महिना सात हजार, जेवणासकट, एका खोलीत तिघी असं ठरलं. सहा महिन्यांचे ४२ हजार आणि डिपॉझिट १० हजार आगाऊ भरले. पैसे पेरणीसाठी ठेवलेले होते. ३० हजार फोनपेने दिले, त्याची पावती आहे. २२ हजार रोख दिले, त्याची नाही. २० जूनला ती राहायला गेली. जुलैत खोलीत पाच खाटा झाल्या. व्हॉट्सॲपवर विचारलं तर 'थोडे दिवस ॲडजस्ट करा' असं उत्तर आलं. १० ऑगस्टला तिने खोली सोडली. पावतीवर 'भरलेली रक्कम परत मिळणार नाही' असं छापलंय, फॉर्मवर सही मुलीची आहे. मालक म्हणतात जीएसटीही भरला, एक रुपया मिळणार नाही. पैसे निघतील का? दुसरी खोली घेताना काय पाहावं?

उत्तर: भाऊ, पैसे निघतील, पण सगळे नाही. बरेच पालक पहिल्यांदा पोलीस ठाण्यात जातात आणि 'हा दिवाणी मामला आहे' हे ऐकून परत येतात. ठाणेदाराचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबरच असतं. ठरलेलं पाळलं नाही म्हणजे फसवणुकीचा गुन्हा होतोच असं नाही. तुमचं काम ग्राहक आयोगात आहे.

आधी त्या छापील ओळीचं बघू. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्याबद्दल ठरवलेली रक्कम आपोआप जप्त होत नाही. समोरच्याचं नुकसान झालं असेल तेवढीच वाजवी भरपाई त्याला मिळते. कैलाशनाथ असोसिएट्सच्या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं आहे. शिवाय तुमच्या बाबतीत करार आधी मोडला कोणी? तिघींची खोली पाच जणींची केली ती मालकाने. 'ॲडजस्ट करा' हे उत्तर म्हणजे त्याची कबुलीच आहे, म्हणून ते चॅट जपा. फोन बदलला तर ते जाऊ शकतं. आजच स्क्रीनशॉट काढा, त्यात तारीख आणि नंबर दिसला पाहिजे.

मुलीच्या सहीची काळजी नको. १८ वर्षांखालच्या व्यक्तीचा करार कायद्याने तिच्यावर बंधनकारक नसतो. पैसे तुम्ही भरले, तक्रारही तुम्हीच तिचे पालक म्हणून करा.

आता हिशोब. २० जून ते १० ऑगस्ट म्हणजे ५२ दिवस. मालकाच्या बाजूने दोन महिने पूर्ण धरले तरी त्याचे १४ हजार होतात. ४२ मधून ते वजा केले की २८ हजार उरतात, वर डिपॉझिटचे १० हजार. मागणी या ३८ हजारांची करा. मालक म्हणेल की न सांगता गेली, एक महिन्याची नोटीस तरी धरा. आयोगाला ते पटलं तर ७ हजार कमी होऊन ३१ हजार हाती येतील. माझ्या मते तडजोडीत ३१ हजारांवर गोष्ट आली तर घ्या, त्याखाली उतरू नका. आणि एक करा. मुलीच्या तिथे राहिलेल्या मैत्रिणीला विचारा की तिच्या खाटेवर दुसरी मुलगी कधी आली. आठवड्याभरात आली असेल तर मालकाचं नुकसान झालंच नाही, मग नोटीसच्या महिन्याचा मुद्दाही लंगडा पडतो. मैत्रिणीचा तसा मेसेज ठेवून घ्या.

तुमची खरी अडचण रोख २२ हजारांची आहे. बँकेतून काढले असतील तर पासबुकातली ती नोंद काढा. मग मालकाला व्हॉट्सॲपवर शांत भाषेत लिहा: 'जूनमध्ये फोनपेने ३० हजार आणि रोख २२ हजार असे एकूण ५२ हजार दिले होते, त्यातले ३८ हजार परत करावेत.' बहुतेक मालक 'परत मिळणार नाही' एवढंच लिहितात, '२२ हजार मिळालेच नाहीत' असं लिहीत नाहीत. आकडा नाकारला नाही, हे तुमच्या कामी येतं. भांडायला फोन करू नका, फोनवरचं हवेत जातं. पैसे घेऊन पावती न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेही तक्रारीत लिहा.

जीएसटीचं म्हणणं सोडून द्या. माणशी महिना २० हजारांपर्यंतचं आणि सलग किमान ९० दिवसांसाठी दिलेलं होस्टेल जुलै २०२४ पासून करमुक्त आहे. भरला म्हणत असेल तर पावती दाखवायला सांगा.

यानंतर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह नोटीस पाठवा, १५ दिवसांची मुदत द्या. वकिलाच्या लेटरहेडची गरज नाही, साध्या कागदावरही चालते. सोबत १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, कधी कधी तेवढ्यानेच मालक नरम येतो. तरी नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. नागपूरला चकरा मारायची गरज नाही, कारण नव्या कायद्यात तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी यवतमाळला. ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. निकाल मात्र लवकर लागेल असं मी सांगणार नाही. कायद्यात तीन महिन्यांचा प्रयत्न लिहिलाय, प्रत्यक्षात वर्ष लागलं तरी नवल नाही.

तक्रार लिहिताना एक चूक टाळा. 'हा करार अन्यायकारक आहे, तो रद्द करा' अशी मुख्य मागणी केली तर जिल्हा आयोग ऐकणार नाही. अन्यायकारक कराराचे वाद राज्य आयोगापासून पुढे जातात. 'सेवेत कसूर झाली, पैसे परत द्या' एवढंच मागा. खासगी होस्टेलचं राहणं-जेवण कायद्याच्या 'सेवा' या व्याख्येत स्पष्ट बसतं.

आता दुसरी खोली. क्लासच्या दारातली खोली महाग असते, दोन-चार किलोमीटर मागे गेलात की स्वस्त पडते. पण भाड्यापेक्षा आगाऊ किती मागतात ते आधी विचारा. महिन्याचं महिन्याला, डिपॉझिट एका महिन्याचं, एक महिन्याची नोटीस, एवढं मान्य नसेल तर भाडं हजाराने कमी असलं तरी मी ती खोली घेणार नाही. खोलीत खाटा किती, वीज वेगळी मोजणार का, मेसची सुट्टी धरणार का, हे चिठ्ठीवर लिहून दोघांच्या सह्या घ्या. सही तुमची, मुलीची नाही. पैसे फक्त फोनपे किंवा बँकेतून द्या.

गावाकडच्या तीन-चार मुली मिळून फ्लॅट घेणार असतील तर गणित वेगळं. तिथे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने नोंदणी टाळली तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. मालक 'नोंदणीचा खर्च कशाला' म्हणाला तर हे त्याला ऐकवा. करारात मात्र मुलींच्या वतीने एखाद्या पालकाचं नाव घाला.