झोन प्लेटचं नाभीय अंतर वर्तुळांवरून कसं काढायचं?

प्रश्न: झोन प्लेटमध्ये भिंग नसताना प्रकाश एका बिंदूवर कसा येतो? आणि वर्तुळांच्या त्रिज्या मोजून नाभीय अंतर कसं काढायचं?

उत्तर: लागोपाठच्या दोन पट्ट्यांतून नाभीपर्यंतच्या वाटेत सरासरी अर्ध्या तरंगलांबीचा फरक असतो, म्हणून त्यांचा प्रकाश एकमेकांना मारतो. एकाआड एक पट्टा काळा केला की उरलेले सगळे एकमेकांना साथ देतात.

n व्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेची त्रिज्या rₙ असेल, तर f = rₙ²/(nλ).

शक्यतो मधल्यापेक्षा बाहेरच्या बाजूच्या पट्ट्याची कड मोजा, चूक कमी होते. समजा r₁₀ = 1.90 मिमी आणि हेलियम-निऑन लेझर (632.8 नॅनोमीटर): 3.61/10 = 0.361 चौ. मिमी, म्हणून f सुमारे 57 सेंमी.

उत्तर दुप्पट आलं तर तुम्ही फक्त काळे पट्टे मोजलेत; मधल्या चकतीपासून काळे-पांढरे सगळे मोजायचे. पडदा 19 सेंमीवर असतानाही ठिपका दिसेल, पण मंद: ती f/3 ची नाभी.